दादा गेले, मॅडम आल्या आणि मधल्या वीस दिवसांत ११ कामगारांचा पीएफ राहिला

आमचं काम पगारपत्रकाचं. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांची हजेरी घ्यायची, पगार काढून द्यायचा, पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय कर भरायचा. २०२३ च्या मे महिन्यात आमच्याकडे असे २६ ग्राहक होते आणि ते सगळे एकाच माणसाकडे होते. ऑफिसात आणि ग्राहकांकडेही त्यांना दादाच म्हणत, म्हणून इथेही दादा. त्यांच्या जागी ज्या आल्या त्यांना सगळे मॅडम म्हणतात. ज्या ग्राहकाकडे गोंधळ झाला तो भोसरीतला एक प्रेस शॉप. मी तेव्हा आतल्या कामाचा प्रमुख होतो, त्यामुळे खाली जे चुकलं म्हणून लिहिलंय त्यातलं बरंचसं माझ्या सहीनिशी चुकलेलं आहे.

दादांनी २ मे रोजी राजीनामा दिला. चिपळूणजवळ लोट्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरी मिळाली होती, घरही तिकडचंच. भांडण नाही, रुसवा नाही. महिनाभराची नोटीस त्यांनी पूर्ण केली. पण मालकांनी मला बजावून ठेवलं, की दादा जाणार हे ग्राहकांना शेवटच्या दिवसापर्यंत कळता कामा नये. भीती सरळ होती: दादा उद्या स्वतःचं दुकान टाकतील आणि निम्मे ग्राहक ओढून नेतील. ही भीती मला तेव्हाही पटली नव्हती. दादांना २६ मालकांचे नंबर पाठ होते. न्यायचेच असते तर आमच्या गप्प बसण्याने काय अडणार होतं? आणि नोकरी सोडल्यावर त्याच धंद्यात पडू नका असं करारात लिहून घेतलं, तरी भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे ते सहसा टिकत नाही. पण मी वाद घातला नाही. नोटिशीचा महिना दादांनी नेहमीचं काम उरकण्यात घालवला. एकाही ग्राहकाला मॅडमना बरोबर घेऊन भेटले नाहीत.

१ जूनला, गुरुवारी, आमच्या सर्वसाधारण पत्त्यावरून सगळ्या २६ ग्राहकांना एकच मेल गेला. इंग्रजीत होता. मसुदा मनुष्यबळ विभागाचा आणि शेवटची नजर माझी. सगळे पत्ते बीसीसीत टाकले होते, तेवढी अक्कल शाबूत होती. मेलचा मथळा ‘संपर्क व्यक्तीत बदल’. पहिल्या वाक्यात दादा ३१ मेपासून ‘नो लाँगर असोसिएटेड विथ अस’ आहेत. दुसऱ्यात नव्या अकाउंट मॅनेजर मॅडम, अनुभवी, कामसू, ग्राहकाला प्रथम स्थान देणाऱ्या वगैरे. तिसऱ्यात त्यांचा मोबाइल, नवा मेल पत्ता आणि ‘यापुढे सर्व माहिती यांनाच पाठवावी’. चौथ्यात आपल्या सहकार्याबद्दल आभार.

वाचायला त्यात काहीच खटकत नाही, म्हणून तर तो माझ्या नजरेखालून गेला. पण दुपारी पहिला फोन आला तो असा: “साहेब, दादांनी काही घोटाळा केला का हो?”

ते इंग्रजी वाक्य आपल्याकडे कुठे वाचायला मिळतं ते आठवून बघा. पेपरातल्या जाहीर सूचनेत. वर पासपोर्ट आकाराचा फोटो, खाली ‘सदर इसमाचा आमच्या संस्थेशी आता काहीही संबंध नाही, त्याच्याशी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही’. लिहिणाऱ्याच्या लेखी तो शिष्टाचार असतो, वाचणाऱ्याच्या लेखी हकालपट्टी. दादा सात वर्षं या लोकांच्या कामगारांचे पगार काढत होते, त्यातल्या दोघांच्या मुलींच्या लग्नात पंगतीला वाढायला उभे होते. पुढच्या दोन दिवसांत असे पाच फोन आले. ज्यांनी फोन केला नाही त्यांना काय वाटलं, ते कळायला मार्ग नव्हता.

प्रेस शॉपच्या अकाउंटंट बाईंना मात्र घोटाळ्याचा वास आला तो आमचाच. अनोळखी नाव, अनोळखी मोबाइल, आणि सगळी माहिती आता इकडे पाठवा. त्यांच्याकडे ६३ माणसांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि पगार. बाईंनी मेल बाजूला ठेवला आणि ठरवलं, की दादा स्वतः सांगत नाहीत तोवर या नंबरला काही द्यायचं नाही. खातं आणि माणूस बदलल्याचे खोटे मेल पाठवून पैसे लुटण्याचे प्रकार सर्रास चालतात. त्यामुळे त्यांनी केलं ते शहाणपणाचंच होतं.

या कारखान्याची हजेरी दोन वाटांनी यायची. कायम कामगार ५२, त्यांची एक्सेल फाइल ऑफिसच्या मेलवर. कंत्राटी ११, त्यांच्या मस्टरच्या पानाचा फोटो सुपरवायझर दादांच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा. ही दुसरी वाट आमच्या कुठल्याच कागदावर नव्हती. दादांनी लिहून दिलेल्या यादीतही नव्हती, कारण त्यांच्या दृष्टीने ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती, ते तर रोजचंच. जूनच्या ३ तारखेला सुपरवायझरने नेहमीप्रमाणे फोटो टाकला. दादा तेव्हा घर हलवत होते. त्यांनी तो पाहिला आणि ऑफिसने सगळ्यांना मेल केलाय म्हणजे यांनी तिकडेही पाठवलं असणार, असं धरून चालले.

मॅडमना फरक दिसला होता, हे इथे सांगायलाच हवं. पीएफचं विवरण, म्हणजे ईसीआर, भरताना मागच्या महिन्यात ६३ सभासद आणि या महिन्यात ५२. त्यांनी अकाउंटंट बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, “तुम्ही दादांनाच विचारा.” दादांचा जुना ऑफिसचा पत्ता ३१ मेच्या संध्याकाळीच बंद केलेला. त्यावर पाठवलेलं सगळं `550 5.1.1` असा शेरा घेऊन परत येत होतं. त्यांचा घरचा नंबर मॅडमकडे नव्हता आणि माझ्याकडे मागावा असं त्यांना वाटलं नाही, कारण मालकांनी दादांशी संपर्क ठेवायचा नाही असं सुचवलं होतं. कंत्राट संपलं असेल असं समजून त्यांनी १४ जूनला ५२ जणांचं विवरण भरून टाकलं. मे महिन्याच्या पीएफची शेवटची तारीख १५ जून.

१९ जूनला, सोमवारी, कंत्राटदार चलनाची प्रत मागायला आला तेव्हा उलगडा झाला. २० तारखेला आम्ही राहिलेल्या ११ जणांचा पुरवणी ईसीआर भरला. कामगारांच्या खात्यात पैसे पडले. उशिराचं व्याज वर्षाला १२ टक्के, पाच दिवसांचं म्हणजे सत्तर रुपयांच्या आत. उशिराच्या दंडाची नोटीस आली तर ती वेगळी.

खरं नुकसान दुसरीकडे होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेकमेट सर्व्हिसेसच्या खटल्यात निर्णय दिला होता, की कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा ठरल्या तारखेपर्यंत भरला नाही, तर मालकाला तो खर्च म्हणून आयकरात वजा मिळत नाही. तेव्हा एक दिवस उशीर झाला तरी तेच होतं. ११ जणांचा प्रत्येकी १,८०० रुपये वाटा, म्हणजे १९,८००. त्यांची भागीदारी फर्म असल्याने त्यावरचा कर सहा हजारांच्या वर गेला. तो आम्ही सोसला. पण त्यांच्या कर लेखापरीक्षणाच्या अहवालात सीएंना ती उशिराची नोंद करावी लागली, आणि वीस वर्षं कागद स्वच्छ ठेवलेल्या मालकाला सहा हजारांपेक्षा ती जास्त लागली.

त्या संध्याकाळी मी १ जूनचा मेल पुन्हा काढून वाचला. तो माणसाची ओळख करून देत होता. ग्राहकाला ओळख नको होती. त्याला कळायला हवं होतं, की आज माझ्या हातातला कागद कुठे टाकू, दादा जे बोलले होते ते अजून धरायचं का, आणि हा मेल खरा कशावरून. या तिन्हींबद्दल त्या मेलमध्ये एक अक्षर नव्हतं. ‘सर्व माहिती यांनाच पाठवावी’ या वाक्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटलं होतं. पण सुपरवायझरला मेल जातच नाही, आणि तो जे पाठवतो त्याला तो माहिती म्हणत नाही, फोटो म्हणतो.

दुसरा मेल लिहायच्या आधी दोन गोष्टी केल्या. पहिली, दादांना फोन. मालकांना विचारून केला, आणि ते लगेच हो म्हणाले. दादांनी तासभर बसून एकेका ग्राहकाची वाट सांगितली. कोण मस्टरचा फोटो टाकतं, कोण आगाऊ उचल दोन हप्त्यांत कापायला सांगतं, कुणाच्या अकाउंटंटला दुपारी चारच्या आधी फोन केलेला चालत नाही. त्यातच कळलं, की पाच कारखान्यांच्या पीएफ पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल दादांचा स्वतःचा आहे. म्हणजे पासवर्ड बदलायचा म्हटलं तर ओटीपी लोट्यात वाजणार! ते नंबर बदलायला पुढे महिना गेला.

दुसरी गोष्ट म्हणजे दादांचा जुना पत्ता पुन्हा चालू करून घेतला. त्यावर येणारं सगळं आता एका सामायिक पेटीत पडतं, ती मॅडम आणि मी दोघं बघतो, आणि पाठवणाऱ्याला आपोआप उत्तर जातं की दादा आता इथे नाहीत, तुमचा मेल पोहोचला आहे. हे करताना एकाने सुचवलं, की पत्ता चालू आहेच तर दादांच्याच नावाने निरोपाचा मेल टाकू, लोकांचा विश्वास बसेल. मी नाही म्हटलं. गेलेल्या माणसाच्या नावाने त्याने न लिहिलेलं पत्र पाठवायचं आणि त्याच पत्रात खोट्या मेलपासून सावध राहा म्हणायचं, हे जमण्यासारखं नव्हतं. त्याऐवजी दादांनी आपणहून अकरा जणांना स्वतः फोन केले. प्रेस शॉपच्या बाईंना पहिला.

२१ जूनला २६ वेगवेगळे मेल गेले. लिहायला मला आणि मॅडमना दीड दिवस लागला. एकोणीस मराठीत, बाकीचे इंग्रजीत. प्रेस शॉपला गेलेला असा होता, नावं आणि नंबर तेवढे काढले आहेत:

> विषय: जूनची हजेरी कुठे पाठवायची, आणि दादांचं काम आता कोण बघतं
>
> नमस्कार,
>
> दादा ३१ मे रोजी आमच्याकडून गेले. गावाजवळ नोकरी मिळाली म्हणून त्यांनी स्वतः राजीनामा दिला. १ जूनच्या आमच्या मेलमधल्या शब्दांमुळे वेगळा समज झाला असेल तर चूक आमची आहे.
>
> तुमचं काम आता मॅडम बघतात. गेली तीन वर्षं तुमचा ईसीआर आणि ईएसआयची भरणी त्याच करत होत्या, फक्त तुमच्याशी बोलत दादा होते.
>
> जूनपासून एवढाच बदल: कायम कामगारांची फाइल नेहमीच्याच मेलवर. कंत्राटी कामगारांच्या मस्टरचा फोटो दादांऐवजी ऑफिसच्या नव्या व्हॉट्सॲप नंबरवर, ३ तारखेपर्यंत. फोटो मिळाला की त्याच दिवशी ‘मिळाला, इतकी माणसं’ असं उत्तर येईल. उत्तर आलं नाही तर फोटो पोहोचला नाही असं समजावं.
>
> तुमच्याकडचं चालू काम: मेच्या ११ कंत्राटी कामगारांचा पीएफ काल भरला, चलन सोबत आहे. एका कामगाराच्या यूएएनमध्ये जन्मतारखेची दुरुस्ती बाकी आहे, तिचा अर्ज या आठवड्यात जाईल. दर माणशी सध्याचाच राहील, मार्च २०२४ पर्यंत न वाढवण्याचा दादांनी दिलेला शब्द आम्ही पाळू.
>
> आमचं बँक खातं बदललेलं नाही. हा मेल खरा आहे ना, याची खात्री यातल्या नंबरवर करू नका. आमच्या जुन्या बिलावर छापलेल्या लँडलाइनवर फोन करा आणि मला मागा.
>
> दादांशी बोलताना ठरलेलं आणखी काही राहिलं असेल तर ३० तारखेपर्यंत कळवा. गुरुवारी मॅडम आणि मी तुमच्याकडे येतो.

यातल्या बँक खात्याच्या ओळीवर मालक हसले होते. जे बदललेलं नाही ते कशाला सांगायचं? पण नवा माणूस आणि नवं खातं ही फसवणुकीतली जोडी आहे. महिनाभराने कुणी आमच्या नावाने ‘नव्या मॅडमनी सांगितलंय, खातं बदललंय’ असं लिहिलं, तर अकाउंटंटला ही ओळ आठवावी म्हणून ती घातली. लँडलाइनचंही तसंच. ज्या मेलबद्दल शंका आहे त्याच मेलमधल्या नंबरवर फोन करून शंका फिटत नाही. बाईंनी बिल काढलं, फोन केला, मला मागितलं, आणि मग मॅडमशी बोलल्या.

खरा वाद झाला शेवटून दुसऱ्या ओळीवर. मालकांचं म्हणणं, “उद्या कुणीही म्हणेल, दादा अर्ध्या दरात करतो म्हणाले होते.” मुद्दा अगदीच खोटा नव्हता. म्हणून दराचा शब्द मेलमध्ये लिहिला तो आधी दादांकडून खात्री करून, आणि ज्यांना तो दिला होता त्यांनाच. बाकीच्यांसाठी ३० तारखेची मुदत ठेवली. चार जणांनी काही ना काही सांगितलं. तिघांचं दादांनी फोनवर लगेच मान्य केलं. चौथ्या ग्राहकाला वाटत होतं बोनसचा हिशोब दरात धरलाय, दादांना आठवत होतं तो वेगळा धरलाय. अर्ध्यावर तोडलं. अर्ध्या दराचं कुणीच बोललं नाही. ही ओळ नसती तर हे चारही वाद दिवाळीत, बिल हातात घेऊन झाले असते.

मॅडमच्या ओळखीच्या वाक्यावर मात्र कुणाचाच वाद नव्हता, आणि सगळ्यात जास्त काम त्याच वाक्याने केलं. पहिल्या मेलमध्ये आम्ही त्यांना अनुभवी आणि कामसू म्हटलं होतं. ‘तुमचा ईसीआर तीन वर्षं याच भरत होत्या’ हे आम्हाला इतकं माहीत होतं, की लिहावं असं सुचलंच नाही. चाकणच्या एका मालकांनी ते वाचून विचारलं, मग मागच्या वर्षी ईएसआयमध्ये २१,००० ची मर्यादा ओलांडलेल्या कामगारांचा घोळ कुणी निस्तरला होता? मॅडमनीच. तिथून पुढे ते माझ्याकडे फिरकले नाहीत.

जुलैच्या ५ तारखेपर्यंत २६ पैकी २४ जणांची हजेरी ठरल्या वाटेने आली. एकाने ती दादांनाच पाठवली, पण या वेळी दादांनी ती मिनिटभरात आमच्याकडे ढकलली.

राहिला तळेगावचा एक. दोन्ही मेलना उत्तर नाही, आपोआप येणारंही नाही, फोन उचलला जात नाही. मे महिन्याची हजेरी मॅडमनी गेटवर फोन करून मिळवली होती. शेवटी ६ जुलैला आम्ही दोघं गाडी काढून गेलो. मालक भेटले, चहा झाला, मेल मिळाला का म्हणून विचारलं तर त्यांनी अकाउंटंटची खुर्ची दाखवली. रिकामी होती. तो माणूस मार्चमध्येच नोकरी सोडून गेला होता. आमचे मेल आणि फोन सगळे त्याच्याच नावावर जात होते. मार्चपासून त्यांचा सुपरवायझर दादांना मस्टरचा फोटो टाकत होता आणि पगार वेळेवर होत होते, त्यामुळे त्यांच्याकडचा माणूस गेल्याचं आम्हाला आणि आमच्याकडचा गेल्याचं त्यांना कळायचं कारणच पडलं नव्हतं.

मालकांनी तिथल्या तिथे सुपरवायझरला बोलावलं. मॅडमनी त्याच्या फोनमध्ये ऑफिसचा नंबर घातला. त्याने तो ‘दादा नवीन’ या नावाने सेव्ह केला.